विमानप्रवासाआधी लावलेला फोनचा गजर उतरल्यावर भलत्याच वेळी का वाजतो? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनमधला गजर नेमका कशाला बांधलेला असतो?

घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये आपण सात वाजताचा गजर लावतो, तेव्हा फोन फक्त दोन आकडे जपून ठेवतो: तास ७ आणि मिनिटे ००. गजर रोजचा असेल तर त्याच्या जोडीला वार नोंदले जातात. हे सात कोणत्या शहराचे, याची नोंद त्यात सहसा नसते. फोन ज्या वेळी ज्या टाइम झोनमध्ये आहे असे स्वतः समजतो, त्या झोनमध्ये घड्याळात सात वाजले की गजर वाजवायचा, एवढीच ती सूचना असते.

फोनचे आतले घड्याळ मात्र शहरे, प्रांत असे काहीच ओळखत नाही. ते जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालते आणि एका ठरलेल्या क्षणापासून किती वेळ गेला एवढेच मोजत राहते. पडद्यावर दिसणारी वेळ ही या मोजणीत टाइम झोनचा फरक मिळवून काढलेली असते. म्हणून फोनमध्ये दोन स्वतंत्र गोष्टी असतात, एक आताचा क्षण आणि दुसरी सध्याचा टाइम झोन. या दोन्ही बरोबर असल्या तरच गजर आपल्याला हव्या त्या वेळी वाजतो, आणि विमानप्रवासात बहुतेक वेळा गडबड होते ती दुसऱ्या गोष्टीत.

विमान उतरल्यावर फोनमध्ये बदलते काय?

प्रवासात एअरप्लेन मोड चालू असल्याने फोनचा मोबाइल टॉवरशी संपर्क नसतो आणि तो निघालेल्या शहराचाच टाइम झोन धरून बसतो. उतरल्यावर हा मोड बंद केला की फोन तिथल्या मोबाइल नेटवर्कमध्ये नोंद करतो, आणि त्या नोंदणीच्या वेळी बरीच नेटवर्के आपण होऊन फोनला चालू वेळ आणि यूटीसीपासूनचा स्थानिक फरक कळवतात. हा फरक पंधरा-पंधरा मिनिटांच्या पटीत सांगितला जातो, त्यामुळे यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे असलेल्या काठमांडूची वेळही त्यात नीट बसते.

टाइम झोन बदलताच घड्याळाचे अ‍ॅप आपल्याकडचे सगळे गजर पुन्हा मोजते. सात वाजताचा गजर आधी निघालेल्या शहराच्या सात वाजताच्या क्षणाशी जोडलेला होता, तो आता उतरलेल्या शहराच्या सात वाजताच्या क्षणाशी जोडला जातो. यादीत मात्र आधीही ७:०० असेच दिसत होते आणि नंतरही ७:०० असेच दिसते. गजर काही तास पुढे किंवा मागे सरकला, पण पडद्यावरचे एक अक्षरही हलले नाही. गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

एखाद्या प्रवासाचे उदाहरण घेऊन हे दाखवता येईल का?

दुबईहून लंडनला जाणारे एक विमान घेऊ. जानेवारीत लंडनची वेळ यूटीसीइतकीच असते आणि दुबई वर्षभर यूटीसीच्या चार तास पुढे असते. समजा, १४ जानेवारीला पहाटे २:३० वाजता विमान दुबईहून निघाले आणि साडेसात तासांनी लंडनला पोहोचले. त्या क्षणी दुबईत सकाळचे १० वाजलेले असतात आणि लंडनमध्ये ६.

प्रवाशाने निघण्यापूर्वी दुबईतच तीन गजर लावले आहेत. पहिला सकाळी ९ वाजताचा, म्हणजे उतरण्याआधी तासभर जाग यावी म्हणून. दुसरा दुपारी १२ वाजताचा, कारण मध्यरात्री घेतलेल्या गोळीनंतर बारा तासांनी पुढची गोळी घ्यायची आहे. तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजताचा, लंडनमधल्या बैठकीसाठी उठायला.

पहिला गजर अगदी अपेक्षेप्रमाणे वाजतो. फोन एअरप्लेन मोडमध्ये आहे, त्याच्या लेखी अजून दुबईच चालू आहे, आणि दुबईच्या ९ वाजता विमान उतरायला बरोबर एक तास बाकी असतो. याच प्रवाशाने लंडनच्या वेळेचा विचार करून ५ वाजताचा गजर लावला असता, तर तो दुबईच्या ५ वाजता, उड्डाणानंतर अडीच तासांनी, ऐन झोपेत वाजला असता.

दुसऱ्या गजरात खरी फसगत आहे. दुबईचे दुपारचे १२ म्हणजे लंडनचे सकाळचे ८. पण सहा वाजता उतरल्यावर फोनने लंडनचा टाइम झोन घेतला आणि गजर लंडनच्या १२ वाजताच्या क्षणावर गेला. तेव्हा दुबईत दुपारचे ४ वाजलेले असतात. दोन गोळ्यांमध्ये बाराऐवजी सोळा तास जातात, आणि फोनचे तर काहीच चुकलेले नसते, कारण त्याला बारा वाजता वाजायला सांगितले होते आणि तो बारा वाजताच वाजला.

तिसरा गजर, फोनने झोन बदलला असेल तर, लंडनच्या सात वाजता नीट वाजतो. इथे मात्र प्रवाशाला जे हवे होते तेच होते, आणि त्यासाठी त्याला काहीही करावे लागत नाही. एकाच नियमाने लावलेल्या तीन गजरांपैकी एक प्रवासातच योग्य वेळी वाजून गेला, एक चार तास उशिरा वाजला आणि एक विनासायास जमला. फरक फोनमध्ये नाही. ते गजर लावताना प्रवाशाच्या मनात काय होते, त्यात आहे.

मग ही फोनची चूक मानायची का?

माझ्या मते नाही. रोज सकाळी सातला उठणाऱ्या माणसाला कोणत्याही शहरात तिथल्या सातलाच उठायचे असते, आणि गजराचा सर्वांत मोठा उपयोग तोच आहे. गजर मूळ शहराच्या वेळेला चिकटून राहिला असता, तर प्रत्येक प्रवासी पहिल्याच रात्री वैतागला असता. तक्रार करायचीच तर एवढी करता येईल की, टाइम झोन बदलल्यावर ‘हे गजर आता नव्या वेळेनुसार वाजतील, चालेल ना?’ असे अ‍ॅपने एकदा विचारायला हरकत नव्हती.

पूर्वेकडे प्रवास केला आणि गजर वाजलाच नाही. असे का होते?

पूर्वेकडे जाताना घड्याळ उडी मारून पुढे जाते आणि मधले तास त्या फोनच्या दिवसातून गळतात. उलट दिशेचा प्रवास घेऊ. रात्री १० वाजता लंडनहून निघालेले विमान सात तासांनी दुबईत उतरले. त्या क्षणी लंडनचे पहाटेचे ५ आणि दुबईचे सकाळचे ९ वाजलेले असतात. फोनवर सात वाजताचा गजर आहे. एअरप्लेन मोड बंद करेपर्यंत फोन पाच दाखवत होता, म्हणजे सात वाजायचे होते. झोन बदलताच तो नऊ दाखवू लागला, म्हणजे सात वाजून गेले. फोनच्या घड्याळात त्या दिवशी सात वाजलेच नाहीत.

अशा वेळी अ‍ॅप पुढचे सात शोधते आणि ते दुसऱ्या दिवशीचे असतात. एकदाच वाजणारा गजरही तसाच चालू राहतो आणि एक दिवस उशिरा वाजतो, म्हणून ज्या कामासाठी तो लावला ते हुकलेले असते आणि दुसऱ्या दिवशी तो विनाकारण झोपमोड करतो.

पश्चिमेकडे जाताना तोच गजर दोनदा का वाजतो?

कारण घड्याळ मागे आल्याने काही तास पुन्हा येतात. वरच्या उदाहरणातला नऊचा गजर रोजचा असेल, तर तो एकदा विमानात दुबईच्या नऊला वाजतो आणि उतरल्यावर तीन तासांनी लंडनच्या नऊला पुन्हा वाजतो. एकदाचाच गजर असेल तर तो पहिल्या वेळेनंतर बंद झालेला असतो आणि परत वाजत नाही.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तर अख्खा वारच परत येतो. मंगळवारी रात्री ८ वाजता टोकियोहून निघालेले विमान साडेसात तासांनी होनोलुलूला पोहोचले, तर तिथे त्याच मंगळवारचे सकाळचे ८:३० वाजलेले असतात. फक्त मंगळवारी ९ वाजता वाजणारा गजर मग त्या आठवड्यात दोन मंगळवार साजरे करतो.

उतरल्यानंतरच्या पहिल्या रात्री गजर पहाटे तीनला वाजला. हे कशामुळे?

हा अनुभव फार जणांना येतो आणि त्याचे कारण आतापर्यंत सांगितलेल्याच्या नेमके उलट असते: फोनने टाइम झोन बदललेलाच नसतो.

साधारण घटनाक्रम असा असतो. परदेशात रोमिंगचा खर्च नको म्हणून प्रवासी एअरप्लेन मोड बंदच करत नाही आणि मुक्कामाच्या ठिकाणी नुसते वाय-फाय चालू करतो. संदेश येतात, नकाशे चालतात, सगळे ठीक दिसते. पण बरेच फोन इंटरनेटवरून वेळ घेतात तेव्हा त्यांना फक्त यूटीसी मिळते; आपण कोणत्या झोनमध्ये आहोत हे त्या वेळेत सांगितलेले नसते. फोन ती यूटीसी घेतो आणि तिच्यात दुबईचेच चार तास मिळवत राहतो. दुसऱ्या दिवशीचा सातचा गजर दुबईच्या सातला वाजतो आणि तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे तीन असतात.

ही स्थिती ओळखण्याची एक चांगली खूण आहे. बहुतेक शहरांच्या वेळांत पूर्ण तासांचा फरक असतो, त्यामुळे अशा फोनवर मिनिटे अगदी अचूक असतात आणि फक्त तास चुकलेला असतो. भिंतीवरच्या घड्याळात ११:२४ आणि फोनवर ३:२४ असे दिसले, तर फोनला क्षण बरोबर माहीत आहे, जागा माहीत नाही, असे खात्रीने समजावे. अर्ध्या किंवा पाऊण तासाचा फरक असलेल्या प्रदेशांत मिनिटेही जुळत नाहीत, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

टाइम झोन बदलण्यासाठी रोमिंगचे इंटरनेट घ्यावे लागते का?

नाही. नेटवर्क जी वेळ कळवते ती फोनची नोंदणी होताना संकेतांसोबतच येते, इंटरनेटच्या डेटामधून येत नाही. त्यामुळे मोबाइल डेटा आणि डेटा रोमिंग दोन्ही बंद ठेवून एअरप्लेन मोड काही मिनिटे काढला तरी काम होऊ शकते. अट एवढीच की त्या फोनच्या सिमला परक्या नेटवर्कमध्ये नोंद करण्याची परवानगी असली पाहिजे. सिमवर रोमिंग मुळातच बंद असेल आणि फोन फक्त आणीबाणीच्या कॉलपुरता टॉवर दाखवत असेल, तर ही माहिती मिळेलच असे धरून चालू नये.

सगळी नेटवर्के वेळ पाठवतात असेही नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन नेटवर्कच्या सांकेतिक क्रमांकावरून देश ओळखतो आणि त्या देशात एकच टाइम झोन असेल तर तो लावून टाकतो. ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेसारख्या अनेक झोन असलेल्या देशांत नुसत्या देशावरून उत्तर निघत नाही, म्हणून तिथे जुना झोन तसाच राहण्याची शक्यता वाढते.

कोणत्या सेटिंग्ज पाहाव्यात?

आयफोनमध्ये Settings, General, Date & Time या वाटेने गेल्यावर Set Automatically चालू असावे. आयफोन झोन ठरवताना स्थानाची मदत घेतो, म्हणून Privacy & Security मधील Location Services आणि त्याच्या तळाशी असलेल्या System Services मधील Setting Time Zone हेही चालू आहे ना, ते पाहावे. बॅटरी वाचवण्यासाठी किंवा खासगीपणासाठी स्थानसेवा पूर्ण बंद करणाऱ्यांच्या बाबतीत हीच कडी निसटते, आणि बाहेरून मात्र ‘स्वयंचलित’ चालूच दिसते.

अँड्रॉइडमध्ये Date & time च्या पानावर वेळ आणि टाइम झोन यांची दोन वेगळी बटणे असतात. कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात, पण Set time zone automatically अशा अर्थाचे बटण वेगळे असते आणि गजराच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे असते. वेळ स्वयंचलित आणि झोन हाताने निवडलेला, अशी जोडी असेल तर फोन जगात कुठेही नेला तरी जुनाच झोन धरून राहील. काही फोनमध्ये Use location to set time zone हा तिसरा पर्यायही असतो, आणि फक्त वाय-फायवर राहणाऱ्या प्रवाशाला त्याचा खरा उपयोग होतो.

झोन बदलत नव्हता म्हणून हातानेच तास मागे घेतले. त्याने काय बिघडते?

हा उपाय वरवर पाहता चालतो, पण तो टाळावा, आणि कारण थोडे सविस्तर समजून घेण्याजोगे आहे. लंडनमध्ये असताना फोनवर दुबईचा झोन तसाच ठेवून तास चारने मागे घेतले, तर पडद्यावर लंडनची वेळ दिसू लागते आणि सातचा गजरही लंडनच्या सातला वाजतो. पण फोन अजूनही स्वतःला दुबईत समजतो. त्याच्या हिशेबाने दुबईत आता सात वाजले आहेत, म्हणजे यूटीसीमध्ये तीन. प्रत्यक्षात यूटीसीमध्ये सात वाजलेले असतात. आधी फोनला क्षण बरोबर माहीत होता आणि झोन चुकीचा होता. आता झोन चुकीचा आहेच, शिवाय क्षणही चुकला.

याचा पहिला फटका कॅलेंडरला बसतो. लंडनच्या १० वाजता ठरलेल्या बैठकीची सूचना फोन दुपारी २ वाजता देतो, कारण त्याच्या समजुतीने यूटीसीचे दहा तेव्हा वाजतात. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तपासताना फोन स्वतःची वेळ वापरतो, त्यामुळे वेळ बरीच चुकली असेल तर काही संकेतस्थळे उघडतच नाहीत. आणि पुढे केव्हातरी स्वयंचलित वेळ पुन्हा चालू केली की घड्याळ एकदम चार तास पुढे उडी मारते आणि मधल्या तासांतले गजर गाळले जातात.

हाताने बदल करायचाच असेल तर तासाला हात लावू नये. टाइम झोनचे स्वयंचलित बटण बंद करून यादीतून उतरलेले शहर निवडावे. त्याने क्षण शाबूत राहतो, स्थानिक वेळ बरोबर दिसते आणि गजर व कॅलेंडर दोन्ही ताळ्यावर येतात.

कॅलेंडरमधली आठवण गजरापेक्षा वेगळी का वागते?

कारण कॅलेंडरमधल्या नोंदीला बहुधा झोन जोडलेला असतो. कॅलेंडरांची देवाणघेवाण ज्या प्रचलित स्वरूपात होते, त्यात एखाद्या नोंदीची सुरुवात तीन प्रकारे लिहिता येते:

```
DTSTART:20260114T090000
DTSTART;TZID=Asia/Dubai:20260114T090000
DTSTART:20260114T050000Z
```

पहिल्या ओळीत नुसते ‘१४ जानेवारी, नऊ वाजता’ असे आहे. ही तरंगती वेळ झाली. ती वाचणारा जिथे असेल तिथले नऊ. दुसऱ्या ओळीत ‘दुबईचे नऊ’ असे स्पष्ट म्हटले आहे. तिसऱ्या ओळीच्या शेवटचे Z हे अक्षर ‘यूटीसीचे पाच’ असे सांगते. दुसरी आणि तिसरी ओळ एकच क्षण दाखवतात. घड्याळाच्या अ‍ॅपमधला गजर पहिल्या ओळीसारखा वागतो आणि कॅलेंडरची नेहमीची नोंद दुसऱ्या ओळीसारखी.

त्यामुळे लंडनमध्ये सकाळी नऊला असलेली भेट दुबईत बसून नुसती ‘९:००’ अशी नोंदवली, तर कॅलेंडर तिला दुबईचे नऊ समजते, आणि लंडनला उतरल्यावर तीच भेट पहाटे पाचला दिसते व तिची आठवणही तेव्हाच होते. नोंद करताना तिचा टाइम झोन बदलून लंडन केला की हा प्रश्न उरत नाही. प्रवासात गजर आणि कॅलेंडर दोन्ही एकाच वेळी ‘बिघडले’ असे वाटते ते यामुळे, कारण दोघे एकाच बदलाला विरुद्ध तऱ्हेने सामोरे जातात: गजराचा आकडा तसाच राहून क्षण सरकतो, तर कॅलेंडरचा क्षण तसाच राहून आकडा सरकतो.

टायमरवर झोनचा परिणाम होतो का?

होत नाही. टायमर गेलेला वेळ मोजतो, त्याला घड्याळात किती वाजले याच्याशी देणेघेणे नसते. सहा तासांचा टायमर लावून विमानात बसले तर तो सहा तासांनीच वाजतो, वाटेत कितीही झोन बदलले तरी.

ठरावीक तासांनी घ्यायच्या औषधासाठी मग काय वापरावे?

प्रवासाच्या दिवसापुरता साधा गजर वापरू नये. पुढची गोळी बारा तासांनी घ्यायची असेल आणि त्यातले दोन तास गेले असतील, तर दहा तासांचा टायमर हा सर्वांत सरळ मार्ग आहे. फक्त फोन मध्येच बंद होऊ देऊ नये. दुसरा मार्ग म्हणजे कॅलेंडरमध्ये झोन देऊन केलेली नोंद. औषधांची आठवण करून देणारी वेगळी अ‍ॅप असतात, पण त्यांतली काही स्थानिक आकडा जपतात आणि काही क्षण जपतात, म्हणून प्रवासाआधी घरीच फोनचा झोन हाताने बदलून त्या अ‍ॅपमधली पुढची वेळ सरकते का, हे पाहून घ्यावे. तपासून झाल्यावर झोन पुन्हा स्वयंचलित करायला विसरू नये.

नव्या शहराच्या वेळेला औषधाचे वेळापत्रक कधी आणि कसे वळवायचे, हा मात्र डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आहे. इन्शुलिनसारख्या औषधांत तो निघण्यापूर्वीच विचारावा.

झोन बरोबर आहे, तरीही गजर बरोबर एक तास चुकला. असे का?

एक तासाची चूक दिसली की संशय उन्हाळी वेळेवर घ्यावा. कोणत्या प्रदेशात घड्याळे केव्हा पुढे-मागे होतात याचे नियम एका सामाईक टाइम झोन माहितीसंचात नोंदवलेले असतात आणि तो फोनमध्ये साठवलेला असतो. सरकारने नियम बदलला आणि फोनला नवा संच मिळाला नाही, तर फोन जुन्याच नियमाने चालतो. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागातली उन्हाळी वेळ रद्द केली. अद्ययावत न झालेला फोन २ एप्रिल २०२३ रोजी जुन्या सवयीने एक तास पुढे गेला असता, आणि मेक्सिको सिटीत सातचा गजर खऱ्या सहा वाजता वाजला असता. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने उन्हाळी वेळ पुढे ढकलल्याचे ऐनवेळी जाहीर केले आणि काही दिवसांतच तो निर्णय फिरवला. तेवढ्या अवधीत सगळ्या फोनपर्यंत बदल पोहोचणे शक्यच नव्हते.

प्रवासाआधी फोनची प्रणाली अद्ययावत करणे एवढाच यावर प्रवाशाच्या हातातला उपाय आहे. ते जमले नाही, तर तात्पुरता तोच फरक असलेला दुसरा झोन यादीतून निवडता येतो.

मनगटावरचे स्मार्ट घड्याळ वेगळ्या वेळी वाजले. ते कशामुळे?

बहुतेक स्मार्ट घड्याळे झोन फोनकडून घेतात. विमानात ब्लूटूथ बंद करून उतरल्यावर ते पुन्हा जोडले नाही, तर घड्याळ जुन्या झोनवरच राहते आणि दोघे आपापल्या वेळेला वाजतात.

गजर किती फरकाने चुकला यावरून कारण कळते का?

बऱ्याच अंशी कळते. निघालेल्या आणि उतरलेल्या शहरांच्या वेळांत जितका फरक आहे बरोबर तितकाच गजर चुकला असेल, तर झोन बदललेला नाही किंवा तुम्ही मूळ शहराची वेळ मनात धरून गजर लावला होता. या दोहोंत निवाडा करायला फोनवरची आताची वेळ पुरते: ती स्थानिक घड्याळाशी जुळत असेल तर दुसरे कारण, जुळत नसेल तर पहिले. चूक एक तासाची असेल तर उन्हाळी वेळ किंवा सीमेपलीकडच्या शेजारी देशाचा टॉवर पकडला गेला असण्याचा संभव असतो. दोन शहरांच्या वेळांत बारा तासांचा फरक नसतानाही चूक बारा तासांची असेल तर प्रवासाशी संबंध नाही. एएम आणि पीएम यांची अदलाबदल झाली आहे. दोन-चार मिनिटांची असेल तर क्षणच चुकला आहे, आणि स्वयंचलित वेळ चालू करून तो दुरुस्त होतो.

उतरल्यावर झोपण्यापूर्वी एवढे एकच पाहायचे म्हटले तर काय पाहावे?

गजर किती वाजता लावला आहे ते पाहून काही कळत नाही, कारण तो आकडा बदलतच नाही. तो किती वेळाने वाजणार आहे ते पाहावे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये गजर बंद करून पुन्हा चालू केला की, इतक्या तासांनी आणि इतक्या मिनिटांनी वाजेल, अशी ओळ पडद्याच्या तळाशी क्षणभर येते. रात्री अकराला झोपताना सातच्या गजरापुढे आठ तास दिसले तर निश्चिंत झोपावे. चार तास दिसले तर फोन अजून निघालेल्या शहरातच आहे. अशी ओळ न दाखवणाऱ्या फोनवर खोलीतल्या एखाद्या स्थानिक घड्याळाशी फोनची वेळ पडताळून पाहावी, आणि तास जुळत नसेल तर गजराला हात न लावता आधी टाइम झोन दुरुस्त करावा. गजराचाच आकडा चार तासांनी पुढे नेऊन ठेवला आणि रात्रीत फोनने आपण होऊन झोन बदलला, तर सातचा म्हणून अकरावर नेलेला गजर खरोखरच अकराला वाजेल.